निळा ठिपका जागा सोडतो तेव्हा: फोनचे लोकेशन तपासण्याचा क्रम

सोलापुरात मोबाईल दुरुस्ती करताना एक तक्रार सतत समोर येते, ती म्हणजे फोनचे लोकेशन चुकते. ऐकायला तक्रार एकच असली तरी तिच्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी फोन उघडावा लागत नाही. तरीही अनेक जण पहिल्याच दिवशी फोन रिसेट करून बसतात किंवा अँटेना बदलून घेतात. खाली दिलेला क्रम फुकटच्या आणि एका मिनिटात होणाऱ्या तपासणीपासून सुरू होतो आणि फोन उघडण्यापाशी संपतो. ज्या पायरीवर दोष सापडेल तिथेच थांबावे.

आधी लक्षण नीट ओळखा

काही फोनांत ठिपक्याभोवती मोठे फिकट वर्तुळ दिसते. तुम्ही पार्क चौकात उभे असता आणि ठिपका सात रस्त्याच्या बाजूला दिसतो. चालू लागलात की तो सलग सरकत नाही, उड्या मारतो. काही फोनांत ठिकाण शेवटी बरोबर येते, पण उघड्यावर उभे राहूनही त्याला कित्येक मिनिटे लागतात. तिसरा प्रकार जुन्या पेठांतला आहे. होटगी रस्त्यावर सारे ठीक असते, पण नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत शिरले की ठिपका शेजारच्या बोळात जाऊन बसतो. चौथ्या प्रकारात घरात बसलेला फोन दुसरेच शहर दाखवतो आणि घराबाहेर पडल्यावर थोड्या वेळाने भानावर येतो. पाचव्या प्रकारात फोनला मोकळ्या मैदानावरही ठिकाण मिळत नाही. हा प्रकार बहुधा स्क्रीन बदलल्यानंतर, फोन पडल्यानंतर किंवा त्यात पाणी गेल्यानंतर सुरू होतो.

ठिपका योग्य जागी असून फक्त त्याचा दिशादर्शक बाण उलटा असेल, तर तो दोष होकायंत्राचा आहे. चुंबकाचे कव्हर किंवा चुंबकाचा होल्डर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवला की तो बहुधा सुटतो. या लेखातल्या तपासण्या त्यासाठी नाहीत.

फोन नेमके काय मोजतो

पुढच्या प्रत्येक तपासणीचे कारण समजण्यासाठी एवढे माहीत असले पाहिजे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रहावर आण्विक घड्याळे असतात आणि प्रत्येक जण सतत एवढेच सांगत असतो: मी कोण, मी कुठे आहे आणि हा संदेश किती वाजता निघाला. फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. अगदी डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संदेश पोहोचायला साधारण 67 मिलिसेकंद लागतात. या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की त्या उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, 300 मीटर जातो. गल्लीएवढी अचूकता हवी असेल तर वेळ त्याहूनही पुष्कळ बारीक मोजावी लागते.

इथे अडचण अशी की फोनमध्ये आण्विक घड्याळ नसते, क्वार्ट्झचा एक स्वस्त स्फटिक असतो. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हाचा भोंगा आठवा. भोंगा ठीक सातला वाजतो हे ठाऊक असेल आणि तो तुम्हाला सात वाजून तीन सेकंदांनी ऐकू आला, तर तुम्ही गिरणीपासून सुमारे एक किलोमीटरवर आहात असे सांगता येईल. पण तुमचे घड्याळच एक सेकंद पुढे असेल, तर हे उत्तर 340 मीटरने चुकेल. वेगवेगळ्या गिरण्यांचे भोंगे ऐकले, तर घड्याळाच्या त्या चुकीमुळे प्रत्येक अंतर सारखेच, 340 मीटरने, जास्त येईल. चूक सगळीकडे सारखी असते, म्हणूनच ती शोधून काढता येते. फोन हेच करतो. अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञात गोष्टींबरोबर स्वतःच्या घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात गोष्ट तो धरतो आणि ती सोडवण्यासाठी त्याला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. चारही अंतरे एकाच बिंदूवर जुळतील अशी घड्याळाची दुरुस्ती सापडली की ठिकाण आणि अचूक वेळ एकदमच मिळतात.

फोनचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे म्हणून लोकेशन चुकत असेल का, असे ग्राहक विचारतात. तसे होत नाही. स्क्रीनवरची वेळ थेट अंतराच्या हिशोबात वापरली असती, तर एका सेकंदाच्या चुकीने उत्तर जवळजवळ तीन लाख किलोमीटरने चुकले असते.

पहिली तपासणी: ॲपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का?

यासाठी काही खर्च नाही आणि मोठे फिकट वर्तुळ दिसणाऱ्या फोनांत दोष बहुधा इथेच सापडतो. अँड्रॉइड 12 पासून प्रत्येक ॲपला अचूक किंवा अंदाजे असे दोन प्रकारचे लोकेशन देता येते. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या लोकेशन परवानगीत जाऊन `Use precise location` चालू आहे का ते पाहा; आयफोनमध्ये त्याच जागी `Precise Location` असते. हे बंद असेल तर ॲपला मुद्दामच काही चौरस किलोमीटरचा अंदाज दिला जातो आणि फोनचा अँटेना कितीही चांगला असला तरी ठिपका नेमक्या जागी येत नाही. परवानगीची चौकट पहिल्यांदा समोर येते तेव्हा घाईत चुकीच्या पर्यायावर बोट पडते आणि मग महिनोन्‌महिने दोष फोनला दिला जातो.

त्याच वेळी बॅटरी सेव्हरही बंद करून पाहा. काही फोनांत तो चालू असला की स्क्रीन बंद होताच लोकेशनही थांबते. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या मुलांचे फोन खिशात ठेवताच रस्ता विसरतात, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

दुसरी तपासणी: घरात दुसरे शहर दिसत असेल तर वाय-फाय

स्लॅबखाली उपग्रह नीट ऐकू येत नाहीत, म्हणून फोन आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांची ओळख घेतो आणि ते राउटर कुठे आहेत याच्या साठवलेल्या नोंदींवरून ठिकाण ठरवतो. पुण्याहून सोलापुरात बिऱ्हाड हलवताना कुणी जुना राउटर बरोबर आणला असेल, तर नोंदीत तो अजून पुण्यातच असतो आणि त्याच्याजवळचा फोन स्वतःला पुण्यात समजतो. खात्री करणे सोपे आहे. राउटर बंद करा, मोकळ्या जागी जा आणि ठिकाण बरोबर येते का ते पाहा. येत असेल तर फोनमध्ये काही बिघाड नाही. इतरांचे फोन त्या राउटरच्या आसपासून जाऊ लागले की काळाने नोंद आपोआप सुधारते. तोवर थांबायचे नसेल तर राउटरच्या नावाच्या शेवटी `_nomap` जोडावे. मग गूगल तो राउटर ठिकाण ठरवण्यासाठी वापरत नाही. मात्र नाव बदलल्यावर घरातली सगळी उपकरणे पुन्हा जोडावी लागतील.

तिसरी तपासणी: मोकळे आकाश आणि शेजारी दुसरा फोन

जमिनीवर पोहोचेपर्यंत उपग्रहाचा सिग्नल अतिशय क्षीण झालेला असतो. एका वॅटला एकावर सोळा शून्ये इतक्या संख्येने भागले की जे उरते, साधारण तेवढीच त्याची ताकद असते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली, यंत्रमागांमध्ये उभे राहून लोकेशन मिळत नाही ही तक्रार दुरुस्तीची नाही, कारण पत्रा हा सिग्नल अडवतोच. म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्याआधी होम मैदानासारख्या चारी बाजूंनी मोकळ्या जागी जावे, धातूचे किंवा धातूची पट्टी असलेले कव्हर काढावे, फोन सरळ धरावा आणि त्याच्या वरच्या कडेवर हात ठेवू नये, कारण अनेक फोनांत अँटेना तिथेच असतो.

बरोबर चांगला चालणारा दुसरा फोन घ्यावा. दोन्ही फोन तिथेच अडखळत असतील तर दोष जागेचा आहे. एकच अडखळत असेल तर पुढच्या तपासण्या त्याच्यावर कराव्यात. मी ही तुलना केल्याशिवाय एकही फोन उघडत नाही. गाडीत तक्रार येत असेल तर चार्जर आणि डॅशकॅम काढून एकदा पाहावे. काही स्वस्त उपकरणांतून निघणारा विद्युत गोंगाट या क्षीण सिग्नलला झाकून टाकतो, आणि वायर काढताच ठिपका स्थिर झाला तर बदलायचा तो चार्जर, फोन नव्हे.

चौथी तपासणी: ठिकाण मिळते, पण फार उशिरा

वेळ मोजली तरी उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे होता हे कळल्याशिवाय हिशोब होत नाही. ही कक्षेची माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण सेकंदाला फक्त 50 बिट या कमालीच्या संथ गतीने. त्यामुळे ती 30 सेकंदांनी एकदा पूर्ण होते. मध्येच तुम्ही झाडाखाली गेलात, सिग्नल तुटला, की हुकलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते. चालता चालता लोकेशन शोधणारा फोन म्हणूनच दमतो आणि एका जागी उभा केलेला फोन लवकर उत्तर देतो. मिळालेली माहिती साधारण चार तासच वापरण्याजोगी असते, म्हणून रात्रभर बंद असलेल्या फोनला सकाळी पुन्हा आरंभापासून ऐकावे लागते.

हा वेळ वाचवण्यासाठी फोन तीच माहिती इंटरनेटवरून काही सेकंदांत उतरवून घेतो. ज्यांचा डेटा बंद असतो किंवा संपलेला असतो त्यांना ही सोय मिळत नाही. डेटा चालू करा, तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा, फोन एकदा बंद करून सुरू करा आणि मोकळ्या जागी दोन मिनिटे न हलता उभे राहा. तारखेचा उल्लेख अशासाठी की ती फार चुकलेली असेल तर इंटरनेटवरची सुरक्षित जोडणीच नाकारली जाऊ शकते आणि मग मदतीची माहिती येत नाही. घड्याळाचा लोकेशनवर परिणाम होतो तो असा आडवळणाने.

पाचवी तपासणी: उपग्रहांचे आकडे वाचा

इथवर दोष सापडला नसेल तर अँड्रॉइडवर `GPSTest` हे मोफत ॲप घ्यावे. त्यात ऐकू येणाऱ्या प्रत्येक उपग्रहासमोर `C/N0` या नावाने एक आकडा दिसतो. आजूबाजूच्या गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर उठला आहे हे तो आकडा सांगतो आणि तो डेसिबल-हर्ट्झमध्ये असतो. मोकळ्या मैदानावर धडधाकट फोनमध्ये अनेक उपग्रहांचे आकडे 35 च्या वर जातात आणि चांगल्या जागी काही 40 ही ओलांडतात. 25 च्या खालचे सिग्नल कमकुवत समजावेत. यादीत अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशिया, युरोप आणि चीन यांचेही उपग्रह दिसतील, आणि फोनमध्ये सोय असेल तर भारताच्या नाविकचेही.

एकेका आकड्यापेक्षा त्यांचा एकंदर आकृतिबंध महत्त्वाचा आहे. काही उपग्रह जोरदार आणि काही क्षीण असतील, तर फोन ठीक आहे आणि भिंती सिग्नल अडवत आहेत. सगळेच उपग्रह सारख्या प्रमाणात क्षीण असतील, तर अँटेना किंवा त्याची जोडणी संशयास्पद आहे. डेटा चालू असताना, पाच मिनिटे मोकळ्यावर थांबूनही एकही उपग्रह ऐकू येत नसेल, तर अँटेना पूर्ण तुटला आहे किंवा दोष बोर्डात आहे.

यातला पहिला प्रकार म्हणजे पेठांतल्या गल्लीची तक्रार, आणि तिथे लोकांचा समज थोडा चुकतो. भिंतीवर आदळून आलेला सिग्नल लांबच्या वाटेने येतो, फोन तो उशीर अंतरात धरतो आणि ठिकाण सरकते, हे खरे आहे. पण अरुंद बोळात एका भिंतीवरून एकदाच परतलेल्या सिग्नलची वाट थोड्याच मीटरने वाढते. तिथे अधिक त्रास देते ते आकाश चिंचोळे असणे. दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे फक्त डोक्यावरचे आणि गल्लीच्या लांबीच्या रेषेतले उपग्रह उरतात. गल्लीत पुढे-मागे आपण कुठे आहोत हे त्यांच्यावरून चांगले कळते, पण डाव्या-उजव्या बाजूला उपग्रहच नसल्यामुळे आडव्या दिशेची छोटी चूकही मोठी होते. म्हणून ठिपका दुकानाच्या पुढे-मागे फारसा जात नाही आणि पलीकडच्या गल्लीत मात्र जातो. तुमच्या फोनची चूक अशी आडवीच होत असेल आणि मैदानावर तो बरोबर असेल, तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. नवा फोन घेणारच असाल तर दोन फ्रीक्वेन्सींवर, म्हणजे L1 बरोबर L5 वरही, ऐकणारा घ्यावा. L5 चा संकेत दहापट बारीक टप्प्यांचा असल्यामुळे सरळ आलेला आणि भिंतीवरून आलेला सिग्नल त्याला अधिक चांगले वेगळे करता येतात. तरीही चिंचोळ्या आकाशाची अडचण त्याने पूर्ण जात नाही.

सगळे सारखेच क्षीण: एक उदाहरण

चादरी आणि टॉवेल दुकानांत पोहोचवणाऱ्या एका तरुणाचा फोन दुरुस्तीला आला होता. स्क्रीन फुटल्यावर त्याने ती दुसरीकडे बदलून घेतली होती आणि तेव्हापासून नकाशा वळण येऊन गेल्यावर ते सांगत असे. परवानगी अचूक लोकेशनची होती, डेटा चालू होता, वाय-फाय आणि फोनची रेंज उत्तम होती. होम मैदानावर चांगला फोन शेजारी धरून दोघांवर `GPSTest` उघडले. चांगल्या फोनमध्ये डोक्यावरच्या उपग्रहांचे आकडे 40 ते 43 होते. त्याच्या फोनमध्ये त्याच उपग्रहांचे 20 ते 23. क्षितिजाजवळचे उपग्रह चांगल्या फोनमध्ये तिशीत होते आणि त्याच्यात मुळीच नव्हते.

या मापात 20 चा फरक म्हणजे सिग्नलची ताकद शंभरपट कमी. तरी त्याला उपग्रह ओळखता येत होते, याचा अर्थ चिप जिवंत होती, स्फटिकही ठीक होता आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. सगळ्या दिशांचे उपग्रह एकाच प्रमाणात उतरले होते, म्हणजे आडोशाचाही प्रश्न नव्हता. उरली ती अँटेनापासून चिपपर्यंतची वाट. फोन उघडल्यावर वरच्या बाजूच्या अँटेनाला बोर्डाशी जोडणारी बारीक स्प्रिंग दबलेली आढळली आणि तिच्याजवळचा एक स्क्रू लावलेलाच नव्हता. अनेक फोनांत असा स्क्रू फक्त झाकण धरत नाही, अँटेनाचे ग्राउंडही पूर्ण करतो. स्प्रिंग हलकेच उचलली, स्क्रू बसवला आणि त्याच मैदानावर आकडे दुसऱ्या फोनच्या बरोबरीला आले. त्याला नवा अँटेना लागला नाही, रिसेटही करावा लागला नाही.

इथे थांबा आणि कारागिराकडे जा

मोकळ्या मैदानावर चांगला फोन शेजारी असताना तुमच्या फोनचे सगळे आकडे 10 किंवा त्याहून अधिक उतरलेले असतील, किंवा एकही उपग्रह दिसत नसेल, तर घरी करण्यासारखे काही उरलेले नाही. आजचे बहुतेक फोन गोंदाने चिकटवलेले असतात. ते उघडताना स्क्रीन किंवा आतली पट्टी फाटते, आणि पाणी रोखण्यासाठी लावलेला थर एकदा निघाला की तसाच पुन्हा बसत नाही. बॅटरी फुगलेली असेल, पाठ उचललेली दिसत असेल किंवा फोनमध्ये पाणी गेले असेल, तर वरची एकही तपासणी करत बसू नका. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि तसाच घेऊन जा. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावे.

अँटेना आणि त्याची जोडणी ठीक असूनही एकही उपग्रह येत नसेल, तर दोष सिग्नल वाढवणाऱ्या भागात, गाळणीत किंवा स्फटिकात असू शकतो. स्फटिकाचा वेग थोडाच ढळला तर फोन ती चूक चौथ्या उपग्रहाच्या मदतीने भरून काढतो. पण ढळ फार वाढली तर उपग्रहाचा सिग्नल शोधायचा तिथे फोन शोधतच नाही आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, बोर्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्या कारागिराचे आहे. बोर्ड गरम करून पाहू असे कुणी म्हणाले तर नकार द्यावा, कारण त्या उष्णतेने चांगला स्फटिकही ढळू शकतो. दुरुस्तीला देण्याआधी फोटो आणि संपर्क दुसरीकडे साठवून ठेवावेत, दोन्ही फोनांच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट कारागिराला दाखवावेत आणि पैसे देण्यापूर्वी, सगळे स्क्रू लावून झाकण बंद केल्यावर, दुकानाबाहेर मोकळ्या आकाशाखाली तेच आकडे पुन्हा पाहून घ्यावेत.